मतदानाच्या दिवशीचा सत्कार

पासलीच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची धनगरवाडी आहे. तिथं आजही कुणालाही विचारा, टीव्हीवरची ती लहान मुलांची गाण्याची स्पर्धा त्या वर्षी कोण जिंकलं? बाया, म्हातारे, शेंबडी पोरं, सगळे छाती फुगवून सांगतील, "आमची पोर!" साफ खोटं आहे. ती सहावी आली होती. ती माझ्या भावाची मुलगी. पालक म्हणून तिच्याबरोबर मुंबईला मी राहिले होते, आणि निकाल लागला तेव्हा स्टुडिओत पहिल्या रांगेत मीच बसले होते. तरी मी खरं सांगायला गेले की वाडी माझ्यावरच डोळे वटारते.

जिंकलेल्यांची आठवण लोक फार प्रेमानं ठेवतात. पहिल्या पर्वाची विजेती कोकणातली, अंगात ताप असताना अंतिम फेरीत नाट्यगीत म्हणून गेली, तिची गोष्ट भोरच्या बाजारात भाजीवालीलाही पाठ. दुसऱ्या पर्वातलं ते विदर्भातलं पोर, पुढचे दोन दात पडलेलं, सगळ्यांत लहान विजेता, त्याच्यासारखा भांग आमच्या आळीतली निम्मी पोरं पाडायची. पण त्या दोन्ही पर्वांत सहावं कोण आलं? मलाही सांगता येणार नाही. स्वतःच्या घरात सहावी आली तेव्हा मला कळलं, सहावं येणं म्हणजे न येण्यासारखंच.

मी भोरात शिलाईकाम करते. लग्न होऊन मी खाली आले, भाऊ वर राहिला, त्याच्या शेळ्या, त्याच्या म्हशी, थोडं भात. पोरीला गळा मिळाला माझ्या वडिलांकडून, तात्यांकडून. भोरचं संस्थान जाऊन आम्ही पुणे जिल्ह्यात आलो त्या सुमारास तात्या गुरं राखणारं पोरगं होतं, आणि त्याच वयात धनगरी गजी नाचातल्या ओव्या त्यांनी पाठ केल्या. तेव्हा जत्रेत रात्र जागवायची आणि सकाळी खोबरं वाटायचं. कुणाचा नंबर कितवा, ही भानगड नव्हती. पोर लहानपणापासून तात्यांच्या मागं मागं रानात हिंडली आणि बोलायच्या आधी गायला शिकली. आवाज असा की समोरच्या कड्यावरून शेळी मागं वळून बघायची. अतिशयोक्ती नाही हो, मी बघितलंय.

पोर स्पर्धेला गेली त्याच वर्षी माझ्या घरमालकांचा नातू टीव्हीवर इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेला गेला. पाचवी ते नववीपर्यंतच्याच मुलांना प्रवेश. आधी शाळेत लेखी परीक्षा, मग पुण्यात लेखी आणि तोंडी, त्यातून विभागाची फेरी, आणि शेवटच्या फेऱ्या तेवढ्या टीव्हीवर. माईकसमोर एकटं उभं राहायचं. शब्द ऐकायचा, हवं तर पुन्हा विचारायचा, अर्थ विचारायचा, तो कुठल्या भाषेतून आला ते विचारायचं, वाक्यात वापरून दाखवा म्हणायचं. पण एकदा अक्षर तोंडातून गेलं की बदलायचं नाही. चुकलं की टिंग करून घंटी, आणि पोरगं खुर्चीकडं नाही, थेट घरी. तो पोरगा टीव्हीवरच्या पहिल्याच फेरीत घंटी खाऊन परत आला तेव्हा मला त्याची कीव आली होती. नंतर मला त्याचा हेवा वाटला. त्या घंटीपुढं कुठल्या पुढाऱ्याचं काही चालत नाही.

गाण्याच्या स्पर्धेची जाहिरात मीच बघितली. वय आठ ते चौदा, ठरवलेल्या तारखेला चौदा पूर्ण झालेले चालणार नाहीत, पुरावा म्हणून जन्माचा नाहीतर शाळेचा दाखला. इथंच आमच्या पायात पहिला काटा मोडला. पोर जन्मली दसऱ्याच्या आसपास. पण मोठी चुलतबहीण शाळेत जायला लागली तेव्हा दोघींना खिंडीतून एकत्र जाता यावं म्हणून दादानं, माझ्या भावानं, हिलाही त्याच वर्षी घातलं, आणि वय भरावं म्हणून गुरुजींनी मागच्या सालातली एक जून लावली. वाडीतल्या सगळ्यांचा वाढदिवस एक जूनच. पोर कागदावर थोराड झाली. त्यामुळं हे एकच पर्व तिच्या वाट्याचं होतं. पुढच्या वर्षी खऱ्या वयानं ती बसली असती, दाखल्यानं नाही. म्हणून मी दादाला म्हटलं, "आत्ता नाही तर कधीच नाही. शेळ्या राखायला अख्खा जन्म पडलाय." दादा म्हणाला, "तूच जा घिऊन. मला काय कळतंय त्यातलं?"

पुण्याला एका शाळेत निवड होती. पहाटेपासून रांग. पोरांच्या छातीवर नंबर चिकटवलेले. काही आया मध-आलं चाटवत होत्या, एक बाप पोराला रांगेतच ताना घ्यायला लावत होता. पहिल्या खोलीत नुसत्या गळ्यानं मुखडा आणि एक अंतरा, पुरेसं वाटलं की हात वर करून थांबवतात. बऱ्याच जणांना मुखड्यातच थांबवलं. आमच्या पोरीला थांबवलंच नाही. ती आपली गात राहिली, शेवटी तीच म्हणाली, "संपलं." दुसऱ्या खोलीत पेटी-तबला, कॅमेरा, आणि पेटीवाले पट्टी विचारत होते. हिला पट्टी म्हणजे शाळेतली फूटपट्टी ठाऊक. पण ते शहाणे होते, म्हणाले, "तू गा, आम्ही शोधतो."

मग मुंबईला मोठी निवड, त्यातून बारा मुलं, आणि दर आठवड्याला एक विषय. भावगीत, नाट्यगीत, भक्तिगीत, लोकगीत. सुरुवातीला नुसते परीक्षकांचे गुण. पुढं पोरं कमी झाली की निम्मा भार गुणांचा, निम्मा लोकांच्या मतांचा. मत मोबाईलवरून मेसेजनं द्यायचं. स्पर्धेचं अक्षर, मग मोकळी जागा, मग पोरीचा क्रमांक, आणि दिलेल्या नंबरावर पाठवायचं. सोमवार-मंगळवार भाग दिसायचे, मंगळवारचा भाग संपला की मतदान उघडायचं, बुधवारी संध्याकाळी सहाला बंद. कमी बेरीज असलेलं पोर घरी. चित्रीकरण आधीच झालेलं असायचं, त्यामुळं मतदानाच्या दिवशी मुलं मोकळी असत. निकाल पुढच्या चित्रीकरणात, कॅमेऱ्यासमोर.

आता आमच्या वाडीला कुठली आलीय रेंज! वेल्ह्यात फोनवर रेंजची एक काठी दिसायची, तीही वाऱ्यावर. पण खिंडीत, वडाच्या वरच्या खडकावर उभं राहिलं की मिळायची. पहिल्या मतदानाला वाडीनं काय शर्थ केली! वाडीतली वीज भरवशाची नाही, म्हणून पोरं मंगळवारी एसटीनं भोरला जाऊन फोन चार्ज करून आणायची. बुधवारी सकाळी शेळ्या सोडल्या की बाया-गडी सगळे खडकावर. ज्याला वाचता येतं त्यानं दहा जणांचे फोन हातात घ्यायचे. किकवीला माझे दीर हायवेला गॅरेज चालवतात. तिथं रेंजला तोटा नाही, येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते म्हणायचे, "पंक्चर मागून काढतो, आधी मत टाका." लोकगीताच्या आठवड्यात पोरीनं तात्यांची ओवी म्हटली. परीक्षक उभे राहिले, आणि मतांत ती पहिल्या तिघांत आली. बारातून सहा उरले. त्या सहांतून पाच अंतिम टप्प्यात जाणार होते. मी रात्री देवाला म्हणायचे, बाबा रे, एवढं एक कर. पाचांत गेलं की वर्षभर गाण्याची शिकवणी स्पर्धेकडून होती, मोठ्या गुरूंकडं. पोर त्यासाठी जीव टाकत होती. तिला बक्षीस नको होतं, तिला शिकायचं होतं.

आणि नेमक्या त्या आठवड्यात आमचे लोक शहाणे झाले.

मंगळवारी दुपारी मी आणि पोर घरी पोचलो तर पासलीच्या शाळेपुढं मांडव पडलेला. केवढा फ्लेक्स, त्यावर पोरीचा फोटो, खाली डझनभर पुढाऱ्यांची तोंडं, आणि वर ठळक अक्षरांत ‘महाविजेती’. मी म्हटलं, "अहो, अजून सहाजण आहेत! हे काय छापलंत?" सत्काराचं सगळं बघणारा आमच्या भागातला एक कार्यकर्ता होता, गळ्यात चेन, पांढरे कपडे. तो हसून म्हणाला, "आक्का, जिंकणारच हाय की. दोन-दोनदा फ्लेक्स कशाला छापायचा?"

"आणि सत्कार कधी?"

"उद्या. आमदारसायबांना उद्याचाच टाइम हाय."

माझं डोकंच फिरलं. "उद्या मतदान आहे! सहाला बंद होतंय. सत्कार परवा ठेवा, तेरवा ठेवा."

त्यानं माझ्याकडं लहान पोरीकडं बघावं तसं बघितलं. "आक्का, सायब येत्यात म्हंजी मताची कसली काळजी? सायब स्टेजवरनं एक फोन टाकतील मुंबईला. इषय संपला."

आणि हे सगळ्यांना पटलं! मी घरोघर गेले. "खडकावर जा, आधी मतं टाका, मग मांडवात या." सगळे मान डोलवायचे आणि म्हणायचे, "सायब हायेत की." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. मत म्हटलं की आमच्याकडं एकच मत माहीत, वरचा माणूस सांगतो ते. रस्ता, हातपंप, विजेचा खांब, वाडीला आजवर जे मिळालं ते कुणाच्या तरी एका फोननं मिळालं. आपापल्या बोटानं काही होतं, हे त्यांना तीन आठवडे खडकावर उभं राहूनही खरं वाटलं नव्हतं.

बुधवारी सकाळी दहाला ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. गुलाल, ढोल, फटाके. पोरीच्या नाकातोंडात गुलाल. मी ओरडतेय, "तिचा गळा आहे रे, मेल्यांनो!" पण ढोलात माझं कोण ऐकतंय. मांडवात तिला तीनदा ओवी म्हणायला लावली, कर्ण्याची शिट्टी वाजतेय, तरी ती म्हणाली. साहेब बाराला येणार होते. आले नाहीत. किकवीचे माझे दीरसुद्धा गॅरेज बंद करून आलेले, कारण त्यांनाही नारळ मिळणार होता. मला स्टेजवर बसवलेलं, सरपंचांच्या बायकोनं ओटी भरली, तांदूळ आणि खण मांडीवर. ओटी घेऊन मधेच उठता येत नाही. मी खालच्या लोकांकडं बघत होते. मतं टाकणारा एकूण एक माणूस माझ्यासमोर सतरंजीवर बसला होता. मग माईकवर सूचना झाली, साहेबांच्या भाषणात व्यत्यय नको, सर्वांनी मोबाईल बंद ठेवावेत. लोकांनी शहाण्यासारखे बंद केले.

मी दादाला खुणेनं बोलावलं. म्हटलं, "निदान तू जा खडकावर."

"सायब आल्याबिगर पोरीच्या बापानं उठायचं? गावाचा मान हाय."

"मान चुलीत घाल! पोरीचं वाटोळं होतंय."

"हळू बोल, माईक चालू हाय."

साहेब आले तेव्हा उन्हं डोंगराच्या मागं कलली होती. हार झाले, शाली झाल्या, भाषण सुरू झालं. मुलींच्या शिक्षणावर बोलत होते. मी उठले. मांडीवरचे तांदूळ सांडले. माईकपाशी जाऊन म्हणाले, "साहेब, माफ करा. सहाला मतदान बंद होतंय. सगळ्यांना खिंडीत जाऊ द्या, नाहीतर तो फोन तरी आत्ता लावा." साहेब कार्यकर्त्याकडं वळले, "कसला फोन?" तो त्यांच्या कानात काहीतरी बोलला. साहेब हसले आणि माईकवर म्हणाले, "आत्याबाईंची माया आहे. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." टाळ्या पडल्या. पोर खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत होती. तिला सगळं कळत होतं.

मी तडक निघाले. मागून कुणीतरी येतंय म्हणून वळून बघितलं तर तात्या, काठी टेकत, हातात दादाचा मोबाईल. अक्षर ओळखत नसलेला माणूस. धापा टाकत म्हणाले, "चल, मी फोन धरतो, तू दाब." चढावरही ते थांबले नाहीत. खडकावर पोचलो, रेंज आली. मी अक्षर टाकलं, जागा सोडली, क्रमांक टाकला, पाठवलं. उत्तर लगेच आलं. मतदान बंद झाले आहे, आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद. दुसऱ्या फोनवरून केलं. तेच.

"गेलं का?" तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या. बंद झालं."

तात्या खडकावर बसले. खाली मांडवात टाळ्या वाजत होत्या. तिकडं बघत म्हणाले, "मंग सायब करतील फोन." मी त्यांच्याशेजारी बसून ढसाढसा रडले.

पुढच्या चित्रीकरणात सहाजणांना एका ओळीत उभं केलं. आधी गुण सांगितले. आमची पोर गुणांत दुसरी. मग मतांची बेरीज पडद्यावर आली, आणि ती तळाला. परीक्षक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "महाराष्ट्रानं हिला मतं का दिली नाहीत?" मला ओरडून सांगावंसं वाटलं, महाराष्ट्राचं सोडा हो, तिच्या घरानंच दिली नाहीत. पोर रडली नाही. तिनं सगळ्यांच्या पाया पडून निरोप घेतला. येताना एसटीत खिडकीशी बसली होती, कापूरहोळ मागं गेलं तेव्हा म्हणाली, "आत्या, वाडीत कुणाला बोल लावू नका. लई मनापासनं केलं त्यांनी."

तो भाग दाखवला त्या संध्याकाळी सगळ्या वेल्ह्यात वीज गेलेली. कुणी काही पाहिलंच नाही. दादानं चार ठिकाणी सांगितलं, पोर हरली म्हणून. लोक म्हणाले, "आसं कसं? सत्कार झालाय की." कुणी म्हणालं, चॅनलवाल्यांनी दाबलं, पण साहेबांनी मागून बक्षीस काढून आणलं असणार. फ्लेक्स शाळेपुढं पार फिका पडेपर्यंत राहिला, मग दादानं पावसाळ्यात शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला. खरी विजेती पुण्यातली एक गोड मुलगी होती, अंतिम फेरीत ती अप्रतिम गायली. वाडीत तिचं नाव एकालाही माहीत नाही.

पुढच्या पर्वाला मी दाखल्याची तारीख दुरुस्त करायला बघितली. शाळेनं सांगितलं, आता होत नाही. स्पर्धेच्या कचेरीत फोन केला, बाई फार गोड बोलल्या. "ताई, आमच्याकडं शाळेचा दाखला हाच पुरावा. त्यानुसार ती मोठी आहे." मी म्हटलं, "अहो, ती दसऱ्याची आहे." बाई म्हणाल्या, "असेल हो."

दहावीनंतर तिचं लग्न झालं, उत्रोलीला दिली. आता तिला दोन लेकरं आहेत आणि भातशेतीचा मोठा व्याप आहे. गात नाही. भातलावणीच्या वेळी बायका आग्रह करतात तेव्हा म्हणते, घसा धरलाय. तात्या गेले तेव्हा तरी ओवी म्हणेल वाटलं होतं, तेव्हाही नाही म्हणाली.

गेल्या वर्षी मी तिच्याकडं गेले होते. आम्ही दोघी अंगणात सूप घेऊन बसलेलो, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. आमच्या वाडीतलाच एक जण, बरोबर त्याची मुलगी, दहाएक वर्षांची. मुलगी टीव्हीवरच्या नव्या पर्वात शेवटच्या आठांत पोचली होती. बापानं पेढे पुढं केले, मुलीला म्हणाला, "पाया पड. ह्या जिंकल्या व्हत्या. आपल्या भागातल्या पहिल्या."

मी तोंड उघडणार, तर आमच्या पोरीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलीला जवळ घेतलं, विचारलं, "कुठल्या दिवशी मतं हायेत?"

"बुधवारी," बाप म्हणाला. "आता मोबाईलवरच ॲपमधी द्यायची अस्त्यात."

"मग भाऊ, एक ऐका माझं. बुधवारी सत्कार ठेवू नका. कुणी कितीबी मोठा येऊ दे."

तो मोकळा हसला. म्हणाला, "मतं काय हो, हुत्यात. आवो, त्येच सांगाया आलोय. मांडव बुधवारचाच ठरलाय. आन् सत्कार तुमच्याच हस्ते हाय."